हॉटस्पॉटवरून रिमोट डेस्कटॉप : डेटाचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न : फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून ऑफिसचा संगणक रिमोट डेस्कटॉपने तीन तास वापरायचा आहे. प्लॅनमध्ये १ जीबीच उरला आहे. तो पुरेल का, हे आधी कसे ओळखावे?

केवळ तासांवरून हा हिशेब मांडता येत नाही, कारण रिमोट डेस्कटॉप साधारणपणे पडद्याचा बदललेला भागच पाठवतो. तुम्ही स्थिर दस्तऐवज वाचत असाल तर जवळजवळ काहीच जात नाही. पान वेगाने सरकवले, किंवा तिकडे व्हिडिओ चालू झाला, की संपूर्ण चित्र पुन्हा पुन्हा पाठवावे लागते. म्हणून कामाचे दोन प्रकार वेगळे मोजावेत.

हॉटस्पॉटचा डेटा फोनच्या सेटिंग्जमध्ये बहुधा स्वतंत्र दिसतो. त्याचा आकडा टिपून दहा मिनिटे नेहमीचे काम करावे, थोडे थांबून (हा आकडा कधीकधी उशिरा बदलतो) पुन्हा पाहावा, आणि मग पाच मिनिटे पडदा सतत हलेल असे काम करून तसेच मोजावे. समजा, पहिल्या वेळी १२ एमबी आणि दुसऱ्या वेळी ७५ एमबी गेले. म्हणजे साधे काम तासाला ७२ एमबी आणि हलत्या पडद्याचे काम तासाला ९०० एमबी घेते. तीन तासांपैकी पाऊण तास दुसऱ्या प्रकारचा धरला, तर १६२ आणि ६७५ मिळून ८३७ एमबी होतात. त्यावर चतुर्थांश राखीव धरताच १ जीबी अपुरा ठरतो. तोच भाग पंधरा मिनिटांवर आणला, तर राखीव धरूनही सुमारे ५३० एमबीत भागते. ही चाचणी ज्या नेटवर्कवर काम करायचे त्याच नेटवर्कवर करावी, कारण वेग कमी असला की बरीच ॲप्स चित्राचा दर्जा उतरवतात आणि आकडा फसवा लहान येतो.

ऑफिसच्या संगणकावर उघडलेली संकेतस्थळे किंवा तिथेच उतरवलेली मोठी फाइल तुमच्या प्लॅनमधून जात नाही. तुमच्याकडे येते ते त्यांचे चित्र. तीच फाइल लॅपटॉपवर कॉपी केली, तर मात्र तिचा पूर्ण आकार मोजला जातो.

मोजलेला आकडा अवास्तव मोठा वाटला, तर रिमोट डेस्कटॉप बंद करून हॉटस्पॉट तसाच चालू ठेवावा. आकडा तरीही वाढत राहिला, तर डेटा लॅपटॉपचे अपडेट किंवा क्लाउड सिंक खात आहे. विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ ठरवल्यास त्यातले बरेचसे थांबते, पण ब्राउझरमधले उघडे टॅब स्वतःच बंद करावे लागतात. वाढ थांबली, तर दोष रिमोट पडद्यावरच्या हालचालीचा आहे: तिथला वॉलपेपर, ॲनिमेशन आणि आवाज बंद करून, रंगांची खोली कमी करून पुन्हा दहा मिनिटे मोजावे.