ऊन लागलेल्या खेळाडूला आधी गार करायचं की दवाखान्यात न्यायचं?

उन्हाळी कबड्डी शिबिर घेतो. मुलगा चक्कर येऊन पडला, तर उष्माघात आहे हे कसं ओळखायचं? आणि लगेच दवाखान्यात न्यायचं का?

आधी जागेवरच गार करा, मग न्या. १०८ला फोन मात्र लगेच दुसऱ्याला करायला लावा. खूण घामात नाही, वागण्यात शोधा. खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतं, त्यामुळे कोच फसतात. मुलगा असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, उगाच चिडतो? उष्माघातच समजा. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो कमी ताप दाखवतो. बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा, काखेतून धरून ठेवा, पाणी ढवळत राहा. साधारण १०-१५ मिनिटं, किंवा हुडहुडी भरेपर्यंत. टब नसेल तर पाइपचं पाणी सतत अंगावर सोडा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. नुसती चक्कर असून बोलणं नीट असेल, तर सावली, पाय उंच आणि घोटघोट पाणी बहुधा पुरतं. पण लक्ष ठेवा.