शिलारस, मॅग्मा, लाव्हा: कुठे काय म्हणायचं?

प्रश्न: "मी नववीत आहे. 'ज्वालामुखी म्हणजे काय आणि मॅग्मा वर कसा येतो' यावर वर्गात दहा मिनिटं बोलायचंय. पुस्तकात कुठे मॅग्मा, कुठे शिलारस, कुठे लाव्हारस लिहिलंय. हे सगळं एकच का? बोलताना कुठला शब्द वापरू?"

एकच नाही. जमिनीखाली आहे तोवर मॅग्मा, मराठीत शिलारस. जमिनीवर आला की लाव्हा किंवा लाव्हारस. टीव्हीवर सारखं ऐकू येतं ना, 'पृथ्वीच्या पोटात लाव्हा उकळतोय', ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण पोटात लाव्हा नसतोच. आणि हा फरक नुसता पत्त्याचा नाहीये. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात, वर येता येता ते सुटून जातात, आणि उरतो तो लाव्हा. म्हणजे माल बदललेला असतो. काही कोशांत दोन्हीला सरसकट 'लाव्हारस' दिलंय, ते मला अजिबात मान्य नाही, कारण मग शिलारस वर कसा येतो हे सांगायलाच शब्द उरत नाही.

आता मॅग्मा. हा ग्रीक शब्द आहे, मळणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला, आणि त्याचा जुना अर्थ घट्ट मलम, लेप. सुगंधी तेल गाळल्यावर खाली जो चोथा उरतो त्यालाही लॅटिनमध्ये मॅग्माच म्हणायचे. भूगर्भशास्त्रात हा शब्द फार नंतर आला. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपला 'शिलारस' हा शब्दसुद्धा आधी दुकानातला! आयुर्वेदात शिलारस म्हणजे एका झाडाचा सुगंधी, चिकट राळेसारखा डिंक, धूपात आणि लेपात घालतात तो. म्हणजे ग्रीक शब्द मलमातून आलेला आणि मराठी शब्दही सुगंधी लेपातून आलेला. माझं म्हणणं असं की ज्याने कोणी मॅग्माला शिलारस हा प्रतिशब्द दिला त्याला 'शिळेचा रस' एवढंच सुचलं नसणार, हा चिकट डिंक त्याच्या डोळ्यासमोर असणार. काही जाणकार हा निव्वळ योगायोग म्हणतात. म्हणोत, पण मग 'शिलाद्रव' सारखा सरळ शब्द सोडून त्याने हाच का उचलला ते त्यांनी सांगावं. शिवाय हा अर्थ वस्तूला चपखल बसतो. मॅग्मा म्हणजे पाण्यासारखा पातळ द्रव नव्हे, वितळलेला खडक, त्यात न वितळलेले स्फटिक आणि वायूचे बुडबुडे असं मळलेल्या कणकेसारखं मिश्रण असतं ते.

लाव्हाबद्दल एकच सांगतो. तो इटलीतल्या नेपल्सकडचा शब्द आहे, पावसात रस्त्यावरून धो धो वाहत येणाऱ्या लोंढ्याला तिथे लाव्हा म्हणत, आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी शेजारीच, तेव्हा डोंगरावरून उतरणाऱ्या तापलेल्या लोंढ्यालाही तेच नाव पडलं. 'पडणे, घसरणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे जे बोट दाखवतात त्यांनी हा पावसाचा लोंढा का डावलला ते मला कळत नाही. धुणे या अर्थाच्या धातूपासून सरळ वाट जाते.

बरं, शिलारस वर कसा येतो. आधी एक गैरसमज काढून टाक, की कवचाखाली सगळं वितळलेलं आहे. कवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, प्रचंड तापलेलं असतं पण घनच असतं, कारण वरून दाब इतका असतो की वितळायला जागाच मिळत नाही. हा तापलेला खडक अगदी संथपणे वर सरकला की दाब कमी होतो, आणि तापमान न वाढताही त्याचा थोडासा भाग वितळतो. (दुसरीकडे, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे त्याच्याबरोबर गेलेल्या पाण्यामुळे वितळणबिंदू खाली येतो, जपान आणि इंडोनेशियात तसं होतं, पण दहा मिनिटांत तू एकच वाट धर.) वितळलेला भाग भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. कवचात आल्यावर आजूबाजूचा खडकही हलका, तिथे तो थबकतो, साठतो. मग दाब वाढला की खडकात भेग पाडून तीत घुसतो. या उभ्या भेगेत घुसलेल्या शिलारसाला डाइक म्हणतात.

उदाहरण म्हणून आइसलँडमधला फाग्रादाल्सफ्याल हा ज्वालामुखी घे, कारण तिथे हे सगळं जवळजवळ बघता आलं. तो ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे तिथे सुमारे ८०० वर्षं उद्रेक नव्हता. २४ फेब्रुवारी २०२१ ला ५.७ चा भूकंप झाला आणि मग काही आठवडे हजारो छोटे भूकंप होत राहिले. भूकंपांची ठिकाणं नकाशावर मांडली तर एक रेघ दिसत होती, उपग्रहाच्या रडारने आणि जीपीएसने जमीन दोन्ही बाजूंना सरकताना दिसत होती, म्हणजे खाली सुमारे ९ किलोमीटर लांबीचा डाइक घुसत होता. आता लक्ष दे, मार्चच्या मध्यात भूकंप कमी झाले. साधा माणूस म्हणेल संपलं. पण १९ मार्चच्या रात्री गेल्डिंगादालिर नावाच्या छोट्या दरीत भेग उघडली आणि लाव्हा वाहायला लागला, तो सप्टेंबरपर्यंत. भूकंप होतात ते खडक फुटताना, शिलारसाला वाट मिळाली की फोडायला फार उरत नाही.

पण भेग पडली म्हणजे उद्रेक होणारच असं नाही, हेही वर्गात सांग. त्याच देशात क्राफ्ला इथे १९७५ ते १९८४ या काळात शिलारस सुमारे २० वेळा भेगांत घुसला, पण जमिनीवर आला फक्त ९ वेळा. बाकीचा खालीच थिजला.

शेवटच्या काही किलोमीटरमध्ये वायूचं काम मोठं. दाब कमी होतो तसे बुडबुडे सुटतात, फुगतात, शिलारस आणखी हलका होतो आणि आणखी जोरात वर येतो. फाग्रादाल्सफ्यालसारखा पातळ बेसाल्टी शिलारस असला की बुडबुडे सहज निसटतात, कारंजी उडतात आणि लाव्हा वाहतो. सिलिका जास्त असलेला चिकट शिलारस बुडबुडे धरून ठेवतो आणि मग स्फोट होतो, त्याची जी 'राख' उडते ती काही जळून झालेली नसते, ती खडकाची आणि काचेची बारीक पूड असते. म्हणून 'डोंगर पेटला' असंही म्हणू नकोस. 'ज्वालामुखी' या नावामुळे घोटाळा होतो, हिमाचलातल्या कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या देवळात खरोखर ज्वाळा आहेत, पण त्या खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या. तिथे ज्वालामुखी नाही.

आपल्याकडचं दाखवायचं असेल तर शंकूसारखा डोंगर शोधत बसू नकोस. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांत थिजलेले डाइक माळरानावर सरळ काळ्या भिंतींसारखे उभे दिसतात. आणि वर्गात न्यायला एक भोकं पडलेला काळा दगड पुरेल, घाटात पडलेले असतात. नीट बघ, काही भोकं रिकामी असतात आणि काहींत पांढरे दाणे असतात. भोकं म्हणजे निसटता न आलेले बुडबुडे, आणि दाणे म्हणजे नंतर पाण्यातून आत साचलेली खनिजं, बरेचदा झिओलाइट.

आणि हो, लाव्हा पुल्लिंगी आहे. 'लाव्हा वाहिला' म्हण, 'लाव्हा वाहिली' नको.