सिगरेट सोडल्यावर येणारी घालमेल

अरे, तू म्हणतोस सिगरेटनं टेन्शन उतरतं, मलापण हिंजवडीच्या टपरीवर चहासोबत तसंच वाटायचं. पण निकोटिन दोनेक तासांत रक्तात निम्मं होतं, मग चिडचिड, बेचैनी सुरू होते, आणि ज्याला आधीच अँग्झायटी आहे त्याला ती आपलीच भीती वाटते, म्हणून तो लगेच पुढची पेटवतो. उतरते ती फक्त निकोटिनची तलफ रे. सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट, झोप उडते, उगाच रडू येतं, साधारण 2 ते 4 आठवड्यांत ओसरतं. माझं दीड महिन्यानंतर मन आधीपेक्षा शांत झालं, बहुतेकांचं होतं. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर सिगरेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांग, काही औषधांचा डोस बदलावा लागतो. आणि उदासी वाढतच गेली किंवा मरायचे विचार आले तर थांबू नको, त्याच दिवशी त्यांना गाठ.