सोलर, डिझेल आणि फ्लॅट व्याजाचा हप्ता

"सर, तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे. एक डीप फ्रीझर, चार ट्यूब, दोन पंखे, कॉम्प्युटर आणि काटा. वर्षात साधारण ३०० दिवस तरी रोज तीन तास लाईट जाते. पाच केव्हीएच्या जनरेटरला रोज अडीच लिटर डिझेल लागतं, धूरही फार होतो. लिटरला तीन युनिट धरले तर युनिट ३० रुपयांना पडतं. महावितरणचं बिल सरासरी १२ रुपये युनिट. तीन किलोवॉट सोलर आणि पाच युनिटची लिथियम बॅटरी यांचं कोटेशन ३ लाख ६० हजार आहे. विक्रेत्याच्या हिशोबाने युनिट साडेतीन रुपयांत पडतं. ७८ हजारांची सबसिडी ते घराच्या मीटरवर काढून देणार, उरलेले २ लाख ८२ हजार पतसंस्थेतून १२ टक्के फ्लॅटने पाच वर्षांसाठी घेतोय. सोलर स्वस्त की डिझेल?"

डिझेलपेक्षा सोलर स्वस्तच पडेल. पण तुम्ही धरलेले दोन्ही भाव चुकीचे आहेत, आणि कर्ज त्याहून चुकीचं आहे.

लिटरला तीन युनिट मिळतात ते जनरेटर भरपूर लोडवर चालला तर. तुमचं सगळं सामान मिळून सरासरी साडेचारशे वॉटच्या आसपास, म्हणजे तीन तासांत १.३ युनिट. त्यासाठी २२५ रुपयांचं डिझेल जळतं, म्हणजे युनिट १७० रुपयांना पडलं! ऑइल, फिल्टर आणि मिस्त्री धरून वर्षाला ७५ हजार जातात आणि पदरात पडतात ४०० युनिट. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून बघा, काळं तेलकट लागेल. मशीन कमी लोडवर चालतं, पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं. धूर त्याचाच आहे.

साडेतीन रुपयांचा भाव काढताना विक्रेत्याने पॅनलवर २५ वर्षं तयार होणारं प्रत्येक युनिट तुम्ही वापरणार असं धरलंय. तीन किलोवॉटमधून दिवसाला १२ युनिट निघतील. तुमचं दुकान दिवसा चार वापरेल, संध्याकाळी बॅटरीतून एक-दीड. जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वजा करणारं नेट मीटरिंग नसेल तर उरलेले वाया. बॅटरी आणि इन्व्हर्टर दहा वर्षं टिकले तरी पुष्कळ, म्हणून हिशोब दहा वर्षांचाच करायचा. वर्षाला ३६ हजार खर्च, त्यातून दिवसाच्या वीजबिलात वाचलेले १५ हजार वजा करा. लाईट गेल्यावरच्या ४०० युनिटांचे उरले २१ हजार, म्हणजे युनिटला ५०-५५ रुपये. हे सगळं रोखीने घेतलं तर.

आता कर्ज. फ्लॅट व्याज पाचही वर्षं मूळ रकमेवर लागतं, तुम्ही कितीही फेडलं असलं तरी. व्याजच १ लाख ६९ हजार आणि हप्ता साडेसात हजार. घटत्या रकमेवर हा दर २० टक्क्यांच्या वर जातो. डिझेलला महिन्याला साडेपाच-सहा हजार लागतात म्हणून तुम्ही बेजार झालात, आणि त्याहून मोठा हप्ता पाच वर्षांसाठी गळ्यात घेताय.

सबसिडी तर हिशोबात धरूच नका. पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार घरगुती ग्राहकाच्या, घराच्या छतावरच्या सोलरसाठी आहेत, दुकानासाठी नाहीत. घराचा ग्राहक क्रमांक टाकून पॅनल दुकानावर बसवणं म्हणजे खोटी माहिती देऊन सरकारी पैसे घेणं. अर्जावर नाव तुमचं असेल, विक्रेत्याचं नाही. असं सुचवणाऱ्या माणसाकडून मी एक पॅनलसुद्धा घेणार नाही. सबसिडी सोडून पूर्ण ३ लाख ६० हजार याच दराने घेतले, तर बॅकअपचं युनिट शंभरी ओलांडतं.

तुमच्या दुकानाला दोन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या पुरतात. अंदाजे ५० हजार. फ्रीझर चालू होताना कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टर लहान घेऊ नका. १.३ युनिट मिळवायला लाईनवरून दोन युनिट चार्जिंगला लागतील, म्हणजे रोजचे २४ रुपये. बॅटऱ्या चार वर्षं टिकतील असं धरलं तर युनिट ५० रुपयांच्या आत, आणि कर्ज शून्य. डिझेलचे वाचलेले पैसे नऊ-दहा महिन्यांत ही रक्कम भरून काढतील.

इन्व्हर्टर घेताना सोलर जोडता येणारा मागा, चार-सहा हजार जास्त पडले तरी चालेल. पुढच्या वर्षी डिझेलच्या वाचलेल्या पैशातून एक किलोवॉटची पॅनल चढवा. दिवसाचे चार युनिट ती भागवेल, वाया फारसं काही जाणार नाही. छतावर दुपारी शेजारच्या टाकीची सावली पडते का, ते मात्र आधी बघून घ्या. जनरेटर विकू नका. वादळात लाईन तुटून दिवसभर लाईट गेली तर फ्रीझरमधला माल तोच वाचवेल.

पतसंस्थेत अजून सही केली नसेल तर उद्याच जाऊन अर्ज मागे घ्या.