इंजिन डबल केलं, स्पीड एक नॉट पण वाढला नाही

प्रश्न: "आमची बोट ४४ फुटी, लाकडी, आता ६८ एचपी इंजिन आहे. कितीही रेस दिली तरी ७ नॉटच्या वर जात नाही. डीलर म्हणतो १४० एचपी टाका, १० नॉट आरामात. पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत काम करून घ्यायचा विचार आहे. कोणी केलंय का असं? घ्यावं का?"

मी केलंय भाऊ. अगदी हेच, असंच बंदीच्या दोन महिन्यांत, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा जीपीएसकडे बघून तांडेल माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. आधी ६५ एचपीवर फुल रेसला ७.२ नॉट मिळायचे, १२० एचपीवर मिळाले ८.१. पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, घरातले हे वाचतात.

डिस्क्लेमर आधीच देतो, मी नेव्हल आर्किटेक्ट नाही, बोटवाला आहे. पंख्याचा पिच, गिअर रेशो, तळाचं शेवाळ नि शंखशिंपले हे तुम्ही बघितलंच असणार असं धरून चालतो. नसेल बघितलं तर आधी तळ खरवडा, मग पुढचं वाचा.

बोट चालताना नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, पाणी उचलतं ती एक लाट. ही लाट बोटीबरोबरच धावते, म्हणून बोटीवरून बघितलं तर तिचा माथा जागच्या जागी उभा दिसतो. आता समुद्राचा नियम असा की लाट जितकी लांब तितकी ती जोरात पळते, आखूड लाट जोरात पळूच शकत नाही. म्हणजे तुम्ही ज्या स्पीडने जाल त्या स्पीडला पळू शकेल एवढ्या लांबीचीच लाट तुमच्या बोटीला लागणार, तिथे तुमचं आणि इंजिनचं काही चालत नाही. साडेपाच-पावणेसहा नॉटला ही लाट साधारण १८ फुटांची असते, म्हणजे ३६ फूट पाण्यात असलेल्या बोटीच्या अंगाला दोन लाटा बसतात. ७.२ ला ती २९ फुटांच्या आसपास जाते. ८ नॉटला बरोबर ३६ फूट, म्हणजे एक माथा नाळेला, दुसरा पिछाडीला, आणि मधल्या खळग्यात बोट झोळीत बसावी तशी बसलेली.

याच्या पुढे रेस दिली की लाट बोटीपेक्षा लांब होते, दुसरा माथा पिछाडी सोडून मागे सरकतो आणि पिछाडीखालचा आधार जातो. पिछाडी खळग्यात बसते, नाळ वर उठते. मग तुमचं इंजिन बोट पुढे ढकलण्यापेक्षा स्वतःच केलेल्या डोंगरावर ती चढवायला लागतं, आणि डोंगर तर बोटीबरोबरच पुढे सरकतोय, माथ्यावर कधी पोचणारच नाही. सगळा डिझेल मागे मोठमोठ्या लाटा सोडण्यात जातो. किनाऱ्यावरच्या होड्या आपटायला लागल्या की समजायचं आपले पैसे त्या लाटांमधून चाललेत.

लाट बोटीएवढी लांब होते तो वेग काढायचा हिशोब सोपा आहे:

वेग (नॉट) = १.३४ × √(पाणरेषेवरची लांबी, फुटांत)

आता माझी चूक कुठे झाली ते. वरची लांबी ही पाण्याला जिथे बोट टेकते तिथली लांबी आहे. बोटीची म्हणून जी लांबी आपण सांगतो ती नाही. आपल्याकडच्या लाकडी बोटींची नाळ किती पुढे झुकलेली असते बघा, मागेही थोडं लटकतं. माझी बोट कागदावर ४६ फूट. ४६ घातले की ९.१ नॉट येतात, आणि डीलरने त्याच्यावर अजून थोडं तोंडाने चढवून "दहाच्या जवळ जाईल" म्हणून सांगितलं. पाण्यात असलेली लांबी निघाली ३६ फूट. तिचं उत्तर ८.० नॉट. म्हणजे मी आधीच ७.२ वर होतो, माझ्या हातात वाढायला जेमतेम पाऊण-एक नॉट शिल्लक होता, आणि तेवढ्यासाठी मी इंजिन डबल केलं.

आणि हे आधी कळलं नव्हतं असं पण नाही, हेच जास्त लागतं. बोट ज्यांनी बांधली त्या मिस्त्रींनी लांबी विचारल्यावर मला म्हटलं होतं, "कुठली लांबी, फळीची की पाण्याची?" मी कर्जाच्या फाईलीसाठी ज्या कार्यालयात खेटे घालत होतो तिथे हेच विचारलं, की अंदाजपत्रकात पाण्यातली लांबी लिहू का. तिथले साहेब म्हणाले फॉर्ममध्ये लांबीचा एकच कॉलम आहे, नोंदणीच्या पुस्तकात जी आहे तीच लिहा, वेगळा आकडा दिसला तर फाईल परत येईल. फाईल परत यायची भीती असते ना माणसाला, तीन वेळा आधीच आली होती, एकदा तर स्टँपचा रंग फिका आहे म्हणून. मग मी पण ४६ लिहिले, डीलरने त्याच कागदावरून इंजिन ठरवलं, आणि मिस्त्रींना परत विचारायला मी गेलोच नाही. कार्यालयाला शिव्या देऊन झाल्या पण खरं म्हणजे टेप माझ्याकडे होती. मीच नाही लावली.

तुम्ही लावा. बोट शांत पाण्यात, बर्फ-डिझेल-जाळी भरून, जशी धंद्याला जाते तशी. नाळेच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि जिथे तो पाण्याला टेकतो तिथून नाळ पाण्यात शिरते तिथपर्यंत आडवं माप घ्या. मागेही तसंच. दोन्ही मापं एकूण लांबीतून वजा. माझे पुढे ७ फूट नि मागे ३ फूट गेले.

मग इंजिनला हात लावायच्या आधी एक दिवस चाचणी घ्या. वारा नसताना, निदान तीन-चार वाव पाण्यात, प्रत्येक रेसला भरतीच्या दिशेने एकदा आणि उलट एकदा, जीपीएसचा स्पीड लिहून सरासरी काढायची. माझी नव्या इंजिनवरची वही अशी आहे: १४०० आरपीएमला ६.४ नॉट, १६०० ला ७.१, १८०० ला ७.६, २००० ला ७.९, २२०० ला ८.१. बघा दर दोनशेला काय मिळतंय, आधी ०.७, मग ०.५, ०.३, शेवटी ०.२. असा आकडा आटत चाललेला दिसला की लाटेची भिंत आली. पंखा चुकीचा असेल तर इंजिन फुल रेसपर्यंत पोचतच नाही आणि काळा धूर सोडतं, किंवा उलट रेस भसकन वर जाते नि बोट मात्र ढिम्म. आणि डोळ्यांनी पण दिसतं. दुसऱ्या बोटीतून बाजूने फोटो काढायला लावा, दुसरा माथा कुठे आहे ते बघा. डेकवर गवंड्याची पाणसळ ठेवली तरी नाळ कधी वर उठायला लागते ते कळतं, माझी साडेसातच्या पुढे उठायला लागते.

खोल पाणी का म्हणालो ते पण सांगतो, खाडीत चाचणी घेऊन लोक फसतात. उथळ पाण्यात लाटेला खोलीचं बंधन पडतं, दोन मीटर पाण्यात कुठलीच लाट साडेआठ नॉटच्या वर पळू शकत नाही, आणि त्याच्या बरंच आधीपासून बोट मागून बसायला लागते. खाडीतला आकडा बघून इंजिन ठरवू नका.

डिझेलचा हिशोब माझा, तुमचा थोडा वेगळा येईल. जुनं इंजिन फुलला तासाला साडेबारा लिटर, म्हणजे मैलाला (सागरी) पावणेदोन लिटर. नवीन फुलला साडेतेवीस, मैलाला जवळपास तीन. २५ मैलांवर जायचं तर आधी साडेतीन तास लागायचे, आता तीन तास पाच मिनिटं. म्हणजे २३ मिनिटं वाचली आणि एका बाजूला २९ लिटर जास्त गेलं. ते ही माझी बोट हलकी राहिली नाही म्हणून आणखी वाईट, मोठं इंजिन, मोठा गिअरबॉक्स, वर मी शहाणपणाने डिझेलची टाकी पण वाढवली, सगळं वजन मागे, पिछाडी तीन बोटं खाली. मागून आधीच बसणाऱ्या बोटीला मागे वजन म्हणजे काय ते समजून घ्या. बर्फ आता मी पुढच्या खणात आधी भरतो, थोडा फरक पडला.

आता ८ नॉट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असंही नाही, हे लिहिलं नाही तर खाली कोणीतरी येऊन मला खोटं पाडेल. १.३४ हा आकडा लाटेच्या नियमातून येतो पण बोट तिथे थांबते असा कायदा नाही. रोइंगच्या शर्यतीतल्या त्या काडीसारख्या बोटी, कॅटामरानचे बारीक दोन सांगाडे, हे त्या आकड्याच्या पार पुढे जातात कारण ते पाणी फारसं उचलतच नाहीत, लाट लहान तर डोंगरही लहान. आउटबोर्ड लावलेल्या हलक्या फायबर बोटी तर लाटेवर चढून पाण्यावर घसरत जातात, त्यांचं शास्त्रच वेगळं. आपली बोट पोटाळी, जड, मासळी वाहायला बांधलेली. तिला १० नॉट करता येतील, नाही असं नाही, पण तेवढं इंजिन घालून त्याचं डिझेल भरायचं तर मासळीऐवजी सोनं सापडायला पाहिजे.

विल्यम फ्रूड म्हणून इंग्रज इंजिनिअर होता, त्याने दीडशे वर्षांपूर्वी लहान मॉडेलं पाण्यात ओढून हेच मोजलं, पाण्याच्या घर्षणाचा खर्च वेगळा आणि लाटेचा वेगळा. मग एचएमएस ग्रेहाऊंड नावाचं खरं जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून १८७१ मध्ये ताडूनही बघितलं. म्हणजे माझ्या डीलरला कळायला वेळ भरपूर होता.

माझं मत, पटलं तर घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर पुढच्या वेळी बोट बांधताना नाळ उभी ठेवा, त्याच ४६ फुटांत पाण्यात ४० फूट मिळाले तर साडेआठ नॉट फुकट. जुन्या बोटीची पिछाडी वाढवून घेतलेले पण आहेत, पण ती जर पाण्याच्या वरच लटकत असेल तर स्पीडला शून्य उपयोग, फक्त उभं राहायला जागा. आणि १४० एचपी कशासाठी तर ट्रॉल ओढायला जोर पाहिजे असं कारण असेल तर तो वेगळा विषय, तिथे संथ चालताना लाटेचा प्रश्न येत नाही, ओढीसाठी मोठं इंजिन आणि त्याला योग्य पंखा हा हिशोब बरोबर असू शकतो. तुम्ही मात्र स्पीड विचारलाय.

मी आता ते १२० एचपी १४०० च्या जरा वर, साडेसहा नॉटला चालवतो. तासाला आठ लिटर. २५ मैलांना पाऊण तास जास्त लागतो, त्यात तांडेल चहा करून घेतो. फुल रेस फक्त हवा बिघडली किंवा लिलावाची वेळ गाठायची असेल तर. इंजिन एवढ्या हलक्या कामावर कायम चालवणं त्यालाही बरं नाही म्हणतात, काजळी धरतं, म्हणून बंदरात यायच्या आधी पंधरा मिनिटं जोरात पळवून घेतो.

तुमची पाण्यातली लांबी मोजा आणि ७ नॉटला बाजूने काढलेला एक फोटो इथे टाका. दुसरा माथा पिछाडीच्या किती पुढे आहे ते दिसलं की डीलरचे १० नॉट कुठून येणार होते ते आपण मिळून बघू.