वरखर्च, उपरिव्यय की ओव्हरहेड? आणि दर ‘कमी’ की ‘फेरनिश्चित’?

प्रश्न : मशीन शॉपमध्ये तीन नवी यंत्रं बसली. ओव्हरहेडचा दर बदलून मिळावा म्हणून वित्तप्रमुखांना मराठीत पत्र लिहायचंय. ‘वरखर्चाचा दर कमी करावा’ असं लिहिलं तर चालेल का?

वरखर्च नको. मुलाला गावी धाडताना हातावर ठेवतो तो वरखर्च. त्यात किरकोळ, टाळता येण्याजोगं काहीतरी असल्याची छटा आहे. घसारा, सुपरवायझरचा पगार, शेडचं भाडं हे तसं नाही. पाठ्यपुस्तकातला ‘उपरिव्यय’ अचूक आहे, पण शॉपमध्ये तो कुणी बोलत नाही. तिथे ‘तासाला किती ओव्हरहेड बसतो?’ असंच विचारतात. तेव्हा ‘ओव्हरहेड’च ठेवा आणि ‘बसतो’ हे क्रियापदही सोडू नका.

खरी अडचण ‘कमी’ या शब्दात आहे. समजा, सहा यंत्रांचे वर्षाला २४,००० तास होते आणि स्थिर ओव्हरहेड ९६ लाख, म्हणजे तासाला ४०० रुपये. आता यंत्रं नऊ झाली, तास ३६,००० झाले आणि खर्च १ कोटी २६ लाखांवर गेला. भागाकार केला की ३५० येतात, म्हणून ‘कमी करा’ लिहावंसं वाटतं. पण पहिल्या वर्षी काम २८,००० तासांचंच मिळालं, तर तोच खर्च तासाला ४५० बसतो! मग कमी कशाच्या मानाने?

म्हणून ‘क्षमता’ हा शब्द पत्रात एकटा सोडू नका. ३६,००० ही स्थापित क्षमता झाली. ठरलेली देखभाल वजा जाता सरासरीने जे तास हाती लागण्याची अपेक्षा असते, ती सर्वसाधारण क्षमता. ती ३३,६०० धरली तर दर ३७५ येतो. साठ्याचं मूल्य काढताना लेखामानक २ स्थिर ओव्हरहेड याच क्षमतेवर वाटायला सांगतं. काम कमी मिळालं म्हणून नगावरचा बोजा वाढवायचा नाही. २८,००० तासांवर ३७५ने १ कोटी ५ लाख वसूल होतात, उरलेले २१ लाख त्याच वर्षाच्या खर्चात जातात. इथे ‘सामान्य क्षमता’ लिहू नका, ते ‘बेताची कुवत’ असं वाचलं जातं.

‘सुधारित दर’ व्याकरणाने चूक नाही, पण वीजबिलापासून एसटीच्या भाड्यापर्यंत सुधारित म्हणजे वाढीव हे कानात बसलंय. ‘फेरनिश्चित’ कुठल्याच बाजूला झुकत नाही. मी असं लिहीन :

‘तीन नवी यंत्रे कार्यान्वित झाल्याने सर्वसाधारण क्षमता आता वार्षिक ३३,६०० यंत्रतास झाली आहे. स्थिर ओव्हरहेड १ कोटी २६ लाख रुपये धरल्यास तासाला ३७५ रुपये बसतात. सध्याचा ४०० रुपयांचा दर या आधारावर फेरनिश्चित करावा, ही विनंती. घसारा, वीज व पगाराचा तपशील सोबत जोडला आहे.’