बेस्ट, वर्स्ट आणि ॲव्हरेज केस

बेस्ट केस म्हणजे ॲरे लहान असतो तेव्हाचा वेळ का?

नाही, तिन्ही केसमध्ये लांबी n तीच धरायची; बदलते ती आकड्यांची मांडणी. लिनिअर सर्चमध्ये हवा तो आकडा पहिलाच निघाला तर १ तुलना, शेवटी असला किंवा नसलाच तर n, आणि कुठेही असण्याची शक्यता सारखी असेल तर सरासरी (n+1)/2.

क्विकसॉर्टमध्ये मांडणीचा फटका फार मोठा. त्यात एक घटक पिव्हट म्हणून निवडतात, त्याहून लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे टाकतात आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच करतात. पहिला घटक पिव्हट धरून [1, 2, 3, 4, 5] कागदावर चालवून बघा: 1 च्या डावीकडे काहीच जात नाही, उजवीकडे चारही उरतात, मग तीन, मग दोन. तुलना 4+3+2+1 = 10, म्हणजे n(n-1)/2. आधीच क्रमाने लावलेल्या १००० आकड्यांना ४,९९,५०० तुलना लागतात. तेच विस्कटलेले असतील तर सरासरी साधारण ११,०००. पिव्हट दरवेळी मधोमध पडला की बेस्ट केस.

मात्र ही सरासरी सगळ्या मांडण्या सारख्याच संभवतात असं धरून काढलेली असते. प्रत्यक्षातला डेटा बऱ्याचदा जवळजवळ क्रमानेच येतो, म्हणून पिव्हट रँडम निवडा. वर्स्ट केस त्यानेही n² च्या प्रमाणातच राहते, पण क्रमाने लावलेला ॲरे दिला की हमखास ती येणार, असं उरत नाही.